टीव्ही द्यायचाय, मग पगार कशाला विचारता?

प्रतिक्रिया:
"ताई, उगाच बाऊ करताय. नंबर आजकाल दूधवाल्यापासून बँकेपर्यंत सगळ्यांकडे असतो. मॉलमधल्या कुपनावर लिहिला तर काय आभाळ कोसळणार आहे? मी आणि बायको दर दिवाळीला भरतो, लागलं तर लागलं. फोन नको असतील तर डीएनडी लावा, विषय संपला. नाहीतर खोटा नंबर लिहा, कोण बघतंय?"

उत्तर:

दादा, मॉलमधल्या लकी ड्रॉच्या कुपनावर नंबर लिहिताना जपा, असं मी म्हटलं, त्याला तुम्ही बाऊ म्हणताय. पुढच्या वेळी कुपन हातात आलं की नंबराची ओळ सोडून बाकीचे रकाने वाचा. वय. विवाहित की अविवाहित. जोडीदाराचा व्यवसाय. महिन्याचं उत्पन्न, त्यापुढे टिक करायला चौकोन. गाडी आहे का, क्रेडिट कार्ड आहे का, वर्षातून किती वेळा फिरायला जाता. चिठ्ठी काढून विजेत्याला फोन करायचा तर नाव आणि नंबर पुरतो. मग बाकीचं कशाला? तुमच्या दूधवाल्याकडे नंबर आहे, पण तुमचा पगार किती आणि वहिनी नोकरी करतात का, हे त्याने कधी लिहून घेतलेलं नाही. नुसत्या नंबराला बाजारात फारशी किंमत नसते. किंमत येते ती त्याच्या शेजारी लिहिलेल्या गोष्टींमुळे.

माझा भाचा कॉलेजात असताना शनिवार-रविवार पुण्यातल्या एका मॉलमध्ये अशाच टेबलामागे उभा राहायचा. कंपनीचं नाव लिहीत नाही. टेबलावर टीव्हीचं मोठं चित्र, पारदर्शक पेटी आणि कुपनांचं पॅड. त्याला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की एकट्या पोरापोरींच्या मागे लागू नकोस, जोडपी बघ, लहान मूल बरोबर असेल तर उत्तमच. पैसे मिळायचे ते पूर्ण भरलेल्या कुपनावर. उत्पन्नाचा रकाना कोरा असेल तर ते कुपन मोजतच नसत. म्हणून तो "सर, एवढं टिक करा ना" म्हणत पेन हातात देऊन उभा राहायचा. रात्री मॉल बंद होताना सुपरवायझर पेटी उघडायचा आणि कुपनांचे दोन गठ्ठे करायचा. लग्न झालेलं, दोघं कमावते, कार्ड आहे, असा एक गठ्ठा आणि बाकी सगळे दुसरा. पहिला गठ्ठा लगेच एक्सेलमध्ये चढवायला जायचा. सोडत कधी निघाली, टीव्ही कुणाच्या घरी गेला, हे त्याला अखेरपर्यंत कळलं नाही.

या धंद्याच्या भाषेत तुमचं कुपन म्हणजे "लीड", म्हणजे माल विकायला गाठायचं संभाव्य गिऱ्हाईक. आणि ते बहुतेक वेळा मॉलचं नसतंच. मॉल फक्त जागा भाड्याने देतो. कुपनाच्या तळाशी, चष्मा लावूनही नीट दिसत नाही अशा अक्षरात, सुट्टीतल्या मुक्कामाचं सभासदत्व विकणाऱ्या एखाद्या हॉलिडे क्लबचं, बिल्डरचं किंवा मार्केटिंग एजन्सीचं नाव असतं. नंतर मॉलच्या ऑफिसात तक्रार घेऊन गेलात तर "ते आमचे लोक नाहीत" हेच ऐकायला मिळतं.

हॉलिडे क्लबचंच घेऊ, कारण जोडप्यांची बरीच कुपनं तिकडे जातात. काही दिवसांनी फोन येतो. टीव्ही लागलेला नसतो, पण "तीन रात्री, चार दिवसांचं फ्री व्हाउचर" लागलेलं असतं. ते घ्यायला अमुक हॉटेलात रविवारी यायचं, नवरा-बायको दोघांनी यायचं, क्रेडिट कार्ड बरोबर आणायचं. दोघं कशाला? एकटा माणूस "घरी विचारून सांगतो" म्हणून सुटतो, ती वाट आधीच बंद करून टाकायची म्हणून. तिथे तास-दीड तासाचं म्हणून सुरू झालेलं प्रेझेंटेशन लांबत जातं, एकामागून एक "मॅनेजर" येतात, आणि आज सही केली तरच हा भाव, असं सांगतात. काही लाखांचं सभासदत्व ईएमआयवर कार्डातून काढून घेतलं जातं. फ्री व्हाउचरमध्ये प्रवासखर्च धरलेला नसतो, ऐन सुट्टीच्या तारखा मिळत नाहीत आणि तिथे गेल्यावर वरचे चार्जेस वेगळे. सही केलीच असेल तर त्याच रात्री करार उघडून रद्द करण्याचं कलम शोधा. काही करारांत त्यासाठी मोजके दिवस दिलेले असतात. ते उलटले की पैसे परत मिळवायला ग्राहक आयोगाच्या पायऱ्या चढाव्या लागतात. आणि रद्द करतोय हे ईमेलने लेखी कळवा, फोनवर नको.

ज्यांनी सही केली नाही त्यांचं नाव यादीतून जात नाही. ती यादी "जुना डेटा" म्हणून पुढे सरकते. प्लॉटवाले, विमावाले, कर्जवाले. कुणाकडून कुठे गेली हे ओळखायची एक साधी युक्ती मी वापरते. नाव आणि आडनाव खरं लिहायचं, मधलं आद्याक्षर मात्र प्रत्येक ठिकाणी वेगळं. एका मॉलच्या कुपनावर मी मधे 'आर' लिहिला होता, जो माझ्या नावात कुठेच नाही. पुढे एका प्लॉटवाल्याने त्याच 'आर'सकट माझं नाव घेतलं. फोन ठेवण्याआधी मी त्याला विचारलं, नंबर कुठून मिळाला? "मॅडम, सिस्टीममध्ये आहे," एवढंच उत्तर. पण मला कळायचं ते कळलं होतं. बक्षीस खरंच लागलं तर ओळखपत्रावरचं नाव-आडनाव जुळतं आणि फोन तुमच्याच खिशात वाजतो, त्यामुळे एका अक्षराने सहसा अडत नाही.

खोट्या नंबराचा सल्ला मात्र कुणाला देऊ नका. तुम्ही मनाने लिहिलेला नंबर बहुधा कुणाचा तरी असतो आणि मग तुमच्या नावाने त्याला फोन जात राहतात. त्यापेक्षा कुपनं, सवलत कार्डं असल्या कामांसाठी दुसरं सिम ठेवा. बँक, आधार, यूपीआय त्याला जोडू नका. ते अधूनमधून वापरातही ठेवा, कारण नव्वद दिवस वापर नसला आणि बॅलन्सही नसला तर नंबर बंद होऊन पुढे दुसऱ्याला दिला जाऊ शकतो. दुसरं सिम नको असेल तर निदान वय, उत्पन्न, जोडीदार आणि कार्ड हे रकाने कोरे सोडा. पोरगा कुरकुर करेल. कोऱ्या रकान्यांचं कुपन पेटीत गेलं तरी रात्री दुसऱ्या गठ्ठ्यात पडतं, आणि आपल्याला तेच हवंय.

आता डीएनडी, म्हणजे जाहिरातींचे फोन-मेसेज नकोत अशी नोंद. ते जरूर लावा. १९०९ वर हा मेसेज पाठवला की सगळ्या प्रकारच्या जाहिराती बंद करण्याची नोंद होते:

```
START 0
```

पण त्याची धाव कुठवर आहे तेही बघा. नियमाप्रमाणे जाहिरातीचे फोन १४० ने सुरू होणाऱ्या नंबरांवरूनच यायला हवेत, आणि डीएनडीची चाळणी अशा नोंदणीकृत फोनांवर चालते. कुपनांच्या यादीवरून फोन करणारी मुलगी साध्या दहा आकडी मोबाईलवरून बोलते. तो फोन यायचा थांबत नाही, आल्यावर तक्रार करावी लागते. दूरसंचार नियामक ट्रायने २०२५ मध्ये नियमांत केलेल्या दुरुस्तीनंतर त्यासाठी सात दिवसांची मुदत आहे, आधी तीनच होती. तक्रारही १९०९ वरच, फोनचा विषय, नंबर आणि तारीख या क्रमाने:

```
Holiday club sales call, 98XXXXXXXX, 14/06/25
```

मेसेज नको वाटला तर ट्रायचं डीएनडी ॲप आहे. एका तक्रारीने फारसं हलत नाही, पण एकाच नंबराविरुद्ध थोड्या दिवसांत पाच तक्रारी झाल्या की कारवाईचा उंबरठा गाठला जातो. म्हणून घरात चौघांना तोच नंबर त्रास देत असेल तर चौघांनी तक्रार करा.

डीएनडीला बगल द्यायची सोय कुपनावरच छापलेली असते. तळाची ओळ साधारण अशी असते: "माझा नंबर डीएनडीमध्ये असला तरी कंपनी व तिचे सहयोगी मला संपर्क करू शकतात." तुम्ही तक्रार केलीत की कंपनी हीच ओळ पुढे करते. कुपन पेटीत टाकण्याआधी त्या ओळीवर पेनाने आडवी रेघ मारा आणि मोबाईलवर दोन्ही बाजूंचा फोटो काढा. फोटोत कंपनीचं नाव, तारीख आणि खोडलेली ओळ येऊ द्या. एवढं केलं की "तुम्हीच परवानगी दिली होती" हे कुणी म्हणू शकत नाही.

कायद्याबद्दल फार आशा लावू नका, पण तो अगदीच रिकामा नाही. डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायदा २०२३ चा. तो कागदावरच्या माहितीला लागू होत नाही, कागदावरून संगणकात चढवलेल्या माहितीला होतो. म्हणजे कुपन पेटीत आहे तोवर कायद्याबाहेर, सुपरवायझरने एक्सेलमध्ये चढवलं की कायद्याच्या आत. संमती कशासाठी घेतली ते स्पष्ट हवं आणि दिली तितक्याच सहज ती मागे घेता यायला हवी, असं त्यात आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. पण संमतीची ही कलमं त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हायची असल्याने ती हाती येणार २०२७ मध्ये. सध्याचं हत्यार म्हणजे २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा. ग्राहकाने विश्वासाने दिलेली वैयक्तिक माहिती दुसऱ्याला पुरवणं ही त्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे. तक्रारीची सुरुवात १९१५ या हेल्पलाइनवर करता येते, आणि तिथे तो कुपनाचा फोटो व बदललेलं आद्याक्षर दोन्ही कामाला येतात.

एक फोन मात्र वेगळा ओळखायला शिका. "गाडी लागली, आता टॅक्स भरा." याला फसतो तो अर्धवट माहिती असलेला माणूस, कारण खऱ्या बक्षिसालाही कर असतो. दहा हजारांवरच्या बक्षिसावर तीस टक्के कर कापतात, आणि वस्तू मिळणार असेल तर तो भरल्याची खात्री करूनच ती द्यावी लागते. खरी कंपनी पॅन मागते, आणि कर तुमच्या पॅनवर सरकारी खात्यात जमा झालेला नंतर दिसतो. भामटा कुणाच्या तरी नावाचा यूपीआय आयडी पाठवतो आणि दुपारपर्यंतची घाई लावतो. त्याला तुमचं, वहिनींचं नाव आणि कुठल्या मॉलात कुपन भरलंत ते ठाऊक असतं म्हणून तो खरा वाटतो. पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० ला फोन लावा. रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवता आली तरच परत मिळायची शक्यता असते.

तुम्ही दर दिवाळीला भरता म्हणून शेवटचं. त्याच ग्राहक कायद्यात, योजना संपल्यावर निकाल भाग घेणाऱ्यांपासून दडवणं हीसुद्धा अनुचित प्रथा आहे. तेव्हा यंदा कुपन भरताना टेबलामागच्या पोराला विचारा: सोडत कुठल्या तारखेला, निकाल कुठे लागणार? उत्तर कुपनाच्या मागे लिहून घ्या, मग फोटो काढा. नीट सांगता आलं नाही तर कुपन पेटीत टाकू नका, घडी घालून खिशात ठेवा.