ब्लू-रे जिंकणार हे आधीच ठरलेलं होतं? अजिबात नाही

ब्लू-रे विरुद्ध एचडी डीव्हीडी, म्हणजे हाय-डेफिनिशन सिनेमांच्या डिस्कचे सोनी आणि तोशिबाचे दोन भांडणारे फॉरमॅट, हा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणतंच, "ब्लू-रेच जिंकणार होतं, कपॅसिटी जास्त होती ना." मला हे वाक्य मनापासून खटकतं. २००६ साली कुणी हा सामना गेम थिअरीने, म्हणजे एकाचा फायदा दुसऱ्याच्या चालीवर कसा ठरतो ते मोजणाऱ्या गणिताने, कागदावर मांडला असता तर त्याला विजेत्याचं नाव मिळालंच नसतं, आणि त्यात थिअरीचा काही दोष नाही, परिस्थितीच तशी होती.

मांडून बघूया. खेळाडू दोन, सोनी आणि तोशिबा (दोघांच्या मागे बाकी कंपन्या होत्या, पण मुख्य हे दोघे). प्रत्येकाने ब्लू-रे धरायचं की एचडी डीव्हीडी, एवढंच ठरवायचंय. दोघेही ब्लू-रेवर आले तर बाजार एक होतो, लोक बिनधास्त प्लेअर घेतात, आणि पेटंटची रॉयल्टी मुख्यतः सोनीच्या बाजूला जाते, म्हणून सोनीला ३ आणि तोशिबाला १ धरू. दोघेही एचडी डीव्हीडीवर आले तर बरोबर उलटं, तोशिबाला ३, सोनीला १. आणि दोघं वेगवेगळं धरून बसले तर गिऱ्हाईक म्हणतं थांबू जरा, कोण टिकतंय बघू, मग कुणाचंच काही विकलं जात नाही, दोघांना ०. हे आकडे म्हणजे रुपये-डॉलर नाहीत, कुणाला काय किती जास्त परवडतं याचं फक्त माप आहे.

आता एकेक जोडी तपासायची. सोनी ब्लू-रेवर आहे असं धरलं तर तोशिबाने काय करावं? स्वतःचं धरलं तर ०, सोनीचं धरलं तर १, म्हणजे मुकाट सोनीच्या मागे जावं. सोनीलाही हलायचं कारण नाही, तिला ३ मिळतायत. म्हणजे हा नॅश इक्विलिब्रियम झाला, एकट्याने हलून कुणाचाच फायदा नाही. पण तोशिबा एचडी डीव्हीडीवर ठाम आहे असं धरून बघा, अगदी हीच वाक्यं नावं बदलून म्हणता येतात! तोही तितकाच पक्का इक्विलिब्रियम. आता दोन्हींतला एक निवडायचा तर कशावर? दोघांनाही जास्त चांगला असा एखादा असता तर तो निवडला असता, पण इथे एकाचं चांगलं ते दुसऱ्याचं कमी चांगलं. कुठला कमी धोक्याचा हे बघावं तर आकडे दोन्हीकडून सारखेच, त्यामुळे तिथेही बरोबरी.

आणि तिसराही एक इक्विलिब्रियम आहे, माझ्या मते सगळ्यात बोलका, पण लोक तो सोडूनच देतात. समोरचा काय करेल याचा नेम नाही, म्हणून प्रत्येकजण चारपैकी तीन वेळा स्वतःचं धरतो आणि एकदा समोरच्याचं. सोनीच्या जागी बसून तपासा: तोशिबा ब्लू-रे धरण्याची शक्यता १/४, म्हणून ब्लू-रे धरून मिळतात ३ × १/४ = ३/४, आणि एचडी डीव्हीडी धरून १ × ३/४, म्हणजे तेही ३/४. दोन्ही सारखं, तोशिबाचंही तसंच. पण यात दोघांचं जुळतं किती वेळा? ब्लू-रेवर ३/१६, एचडी डीव्हीडीवर ३/१६, उरलेले १०/१६ म्हणजे आठातल्या पाच वेळा जुळतच नाही. दोघेही शहाणे, कुणाची चूक नाही, तरी बहुतेक वेळा भांडण, आणि सरासरी कमाई पाऊण, म्हणजे मान खाली घालून दुसऱ्याचं स्वीकारलं असतं तर मिळणाऱ्या १ पेक्षाही कमी. दोन कंपन्या लढत बसल्या म्हणजे त्यांचे मॅनेजर मूर्ख होते असं म्हणणाऱ्यांनी हे गणित एकदा स्वतः करून बघावं.

आता कपॅसिटीचा मुद्दा. ब्लू-रेच्या एका थरात २५ जीबी, एचडी डीव्हीडीच्या १५, हे खरंय. म्हणून ब्लू-रेच्या जोडीतले आकडे वाढवा, ३ चे ४ करा, १ चे २ करा. एचडी डीव्हीडीचा इक्विलिब्रियम गेला का? नाही गेला, कारण तोशिबा तिकडे ठाम असेल तर सोनीसमोर अजूनही १ की ० हाच प्रश्न आहे. चांगलं तंत्रज्ञान आपलं पारडं जड करतं, पण समोरचं पारडं उचलून फेकत नाही.

यावर लोक म्हणतात की मग बोलून का नाही मिटवलं. एकदा मिटवलं होतं ना! १९९५ मध्ये डीव्हीडीच्या वेळी हेच दोन तट होते, एकीकडे सोनी-फिलिप्स, दुसरीकडे तोशिबा-टाइम वॉर्नर. तेव्हा कॉम्प्युटर कंपन्या एकत्र आल्या आणि म्हणाल्या, एक स्टँडर्ड ठरवा, नाहीतर आम्ही दोन्ही घेणार नाही, आणि आयबीएमचे प्रमुख लू गर्स्टनर यांनी मध्यस्थी केली. तोशिबाच्या बाजूची ०.६ मिमीच्या दोन चकत्या चिकटवायची रचना घेतली, फिलिप्स-सोनीच्या बाजूची डेटा कोड करायची पद्धत घेतली, ५ जीबीच्या जागी ४.७ जीबीवर भागवलं, आणि मिटलं. मग ब्लू-रे आणि एचडी डीव्हीडी एक करायच्या २००५ च्या बोलण्यांत काय अडलं? रॉयल्टीचा वाद होताच, पण मला वाटतं खरं अडलं ते डिस्कच्या आत. लेझर दोघांचा तोच, ४०५ नॅनोमीटरचा निळा-जांभळा, पण ब्लू-रेमध्ये डेटाचा थर पृष्ठभागापासून ०.१ मिमीवर आणि एचडी डीव्हीडीमध्ये जुन्या डीव्हीडीसारखाच ०.६ मिमीवर, म्हणून तोशिबाची डिस्क जुन्याच कारखान्यांत थोड्या बदलांनी निघू शकत होती आणि सोनीच्या डिस्कसाठी नवी लाइन टाकावी लागत होती. यात मधला आकडा धरून काय उपयोग, ०.३ मिमीवर थर टाकला तर जास्त कपॅसिटीही जाते आणि जुना कारखानाही, दोघांचंही नुकसान.

मग निकाल लागला कसा? इक्विलिब्रियमच्या तक्त्यातून नाही, तक्त्याबाहेरच्या चालींतून. सोनीने नोव्हेंबर २००६ मध्ये प्लेस्टेशन ३ हा गेम कन्सोल आणला, प्रत्येक मशीनमध्ये ब्लू-रे ड्राइव्ह बसवूनच, म्हणजे परतीचा दोर स्वतःच कापला, आता सोनी एचडी डीव्हीडीकडे वळेल असं कुणी मानलं नसतं. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स ३६० या कन्सोलसाठी मात्र एचडी डीव्हीडी ड्राइव्ह वेगळा विकत घ्यायचा होता, त्याला कुणी बांधिलकी कशी मानणार? तरीही तेव्हासुद्धा निकाल लागला नव्हता बरं का, ऑगस्ट २००७ मध्ये पॅरामाउंट हा हॉलिवूडचा स्टुडिओ एकट्या एचडी डीव्हीडीकडे गेला आणि नोव्हेंबरमध्ये तोशिबाचा प्लेअर अमेरिकेत वॉलमार्टच्या सेलमध्ये १०० डॉलरच्या आत मिळत होता. प्लेस्टेशनमुळे सगळं ठरून गेलं होतं म्हणणाऱ्यांनी हे दोन महिने नीट बघावेत. मग ४ जानेवारी २००८ ला वॉर्नर स्टुडिओने, जो तोवर दोन्हीकडे होता, फक्त ब्लू-रे असं जाहीर केलं, आणि ज्या क्षणी सगळ्यांना कळलं की आता बाकीचेही तिकडेच जाणार, त्या क्षणी जो तो तिकडे पळाला. १५ फेब्रुवारीला वॉलमार्टने ब्लू-रे निवडलं, १९ ला तोशिबाने एचडी डीव्हीडी बंद केलं. साडेसहा आठवड्यांत खेळ खलास.

पुढच्याच वर्षी, २००९ मध्ये, तोशिबाने ब्लू-रे असोसिएशनचं सदस्यत्व मागितलं आणि ब्लू-रे प्लेअर बनवायला घेतले. काहींना त्यात लाजिरवाणी शरणागती दिसली, मला दिसत नाही. सोनी हलणार नाही हे पक्कं झाल्यावर तोशिबासमोर १ आणि ० एवढंच उरलं होतं, तिने १ घेतला.