एसीतून पाणी पडत नाही म्हणजे गॅस संपला? खुलासा

“एसीच्या नळीतून पाणी टपकत नसेल तर गॅस संपलाय, लगेच भरून घ्या.” जळगाव-भुसावळकडच्या ग्रुपांवर फिरणारा हा मेसेज चुकीचा आहे.

नळीतलं पाणी गॅसचं नसतं, खोलीतल्या हवेतलं असतं. आतली कॉइल साधारण १० अंशांवर असते. हवा तिच्यावरून जाताना दवबिंदूच्या खाली थंड झाली, तरच बाष्पाचं पाणी होऊन ट्रेमध्ये उतरतं. आपल्याकडे मे महिन्यात ४३ अंश तापमान आणि १० टक्के आर्द्रता असेल, तर दवबिंदू ५ अंशांच्या आसपास येतो. कॉइल त्याहून गरम, म्हणजे ती कोरडीच राहणार. एसी तेव्हा फक्त उष्णता काढतो. जुलैत ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रतेला दवबिंदू २६ वर जातो, मग तोच एसी बादली भरतो.

गॅस वापरून संपत नाही; कमी झाला तर गळतीच असते. तेव्हा गारवा घटतो, कॉइलच्या एका भागावर बर्फ धरतो. आधी गळती शोधायला सांगा, नुसता गॅस भरून घेऊ नका. आणि हा मेसेज कृपया पुढे पाठवू नका.