करारातला दर कपाटातच शोभतो

पुरवठादाराशी घासाघीस करून दर ठरवणं हे कौशल्याचं काम आहे आणि ते तुम्हाला जमतं, यात वाद नाही. 'साहेब, यात आम्हाला काहीच उरत नाही' हे वाक्य तुम्ही न विरघळता दोनदा ऐकून घेतलंत, चहा झाला, सह्या झाल्या. आता तो कागद प्लॅस्टिकच्या फोल्डरात घाला, फोल्डर खरेदी खात्याच्या कपाटात ठेवा आणि किल्ली रजेवर जाणाऱ्या माणसाकडे द्या. बिलं तपासणाऱ्याच्या हाती हा कागद पडता कामा नये. त्याला ठरलेला दर कळला, तर तो बिलातल्या दराशी ताडून बघेल आणि उगाच संबंध बिघडतील.

काही फाजील उत्साही कंपन्या यासाठी प्राइस मास्टर ठेवतात. कोणता पुरवठादार, कोणती वस्तू, कुठल्या एककाला किती दर, वाहतूक धरून की वगळून, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, हे सगळं एका जागी नोंदवायचं. बिल चढवताना संगणक त्या दिवशीचा ठरलेला दर स्वतः काढतो, बिलातल्या दराशी ताडतो आणि फरक आला तर बिल अडवून ठेवतो. माणुसकी म्हणून काही असते की नाही?

आता हा सोस नसलेल्या कारखान्यात कारभार किती सुखाचा चालतो, ते पाहा. समजा, चाकणच्या एका कारखान्याला महिन्याला 12,000 पुठ्ठ्याची खोकी लागतात. एप्रिल 2024 पासून दर ठरला खोक्यामागे 48 रुपये 50 पैसे, कर वगळून, कारखान्यात पोहोच. क्राफ्ट कागद स्वस्त झाला म्हणून खरेदीवाल्यांनी पुन्हा बोलणी केली आणि 1 ऑक्टोबरपासून 46 रुपये 20 पैशांवर सही झाली. खरेदीवाल्यांचं कौतुक झालं, वाचलेल्या पैशांची स्लाइड मासिक बैठकीत दाखवली गेली. पुरवठादाराच्या बिलाच्या सॉफ्टवेअरला मात्र हे कुणी कळवलं नाही, आणि ऑक्टोबरची बिलंही 48.50 नेच आली. (दर वाढला की सुधारित दराचं पत्र त्याच दुपारी व्हॉट्सॲपवर येतं. उतरला की पोस्टाचा जमाना परत येतो.) महिन्याला 27,600 रुपये, मार्चअखेर 1,65,600. बैठकीतली स्लाइड खोटी नव्हती. बचत झाली होती, फक्त पुरवठादाराच्या खात्यात.

तुम्ही म्हणाल, आमच्याकडे बिल, खरेदी आदेश आणि माल आल्याची नोंद, तिन्ही ताडूनच पैसे सुटतात. उत्तम! ती पद्धत जिवापाड जपा, कारण तिच्यासारखं पांघरूण नाही. खरेदी आदेश कसा तयार होतो, ते आठवा. मागच्या महिन्याचा आदेश उघडला, 'कॉपी' केला, तारीख बदलली, पाठवला. दर जुनाच राहिला, किंवा सॉफ्टवेअरने शेवटच्या खरेदीचा दर आपणहून भरला. मग बिल 48.50, आदेश 48.50, माल 12,000 खोकी. तिन्ही जुळले, हिरवी खूण आली. या तपासणीत जुनं बिल नव्या बिलाला प्रमाणपत्र देतं, आणि सह्या केलेला करार कपाटात शांत झोपतो. म्हणून आदेशातला दर प्राइस मास्टरमधूनच यावा आणि हाताने बदलता येऊ नये, असं कुणी सुचवलं, तर 'अर्जंट ऑर्डरला अडचण होईल' एवढं म्हणा. अर्जंट या शब्दापुढे आजवर कुणी टिकलेलं नाही.

तरीही वरून दबाव आला आणि मास्टर करावाच लागला, तर एक्सेलमध्ये करा आणि त्यात तारखा ठेवू नका. नवा दर जुन्याच्या खालच्या ओळीत लिहा आणि VLOOKUP लावा. नेमकी जुळणी मागितली, तर हे फंक्शन वरून पहिली जुळलेली ओळ उचलतं आणि थांबतं. म्हणजे ते इमाने इतबारे 48.50 च सांगत राहील, आणि तुमच्याकडे दर तपासण्याची स्वयंचलित व्यवस्था आहे असं लेखापरीक्षकाला छातीठोकपणे सांगता येईल. जुन्या ओळीवरच नवा दर लिहून टाकणं हा दुसरा सोपा मार्ग. मग सप्टेंबरचं उशिरा आलेलं खरं बिल अडकतं आणि जुना दर कधी काय होता, याचा मागमूस उरत नाही.

टाळायचं ते असलं काहीतरी. Rates नावाच्या शीटवर A मध्ये पुरवठादाराचा कोड, B मध्ये वस्तूचा कोड, C आणि D मध्ये दर लागू असल्याची पहिली व शेवटची तारीख, E मध्ये दर. आणि बिलाच्या ओळीत B2 पुरवठादार, C2 वस्तू, D2 तारीख:

```
=SUMIFS(Rates!E:E,Rates!A:A,B2,Rates!B:B,C2,Rates!C:C,"<="&D2,Rates!D:D,">="&D2)
```

हे सूत्र फार चोंबडं आहे. त्या तारखेला दरच ठरलेला नसेल तर ते शून्य दाखवतं, म्हणजे करार संपूनही खरेदी चालू आहे हे उघडं पडतं. दोन ओळींच्या तारखा एकमेकींवर चढल्या असतील तर दोन्ही दरांची बेरीज करून 94.70 असा अचाट आकडा समोर ठेवतं, आणि मग जुन्या ओळीची मुदत 30 सप्टेंबरला बंद करायची राहून गेली हे सगळ्यांना कळतं. शिवाय D2 मध्ये कुठली तारीख घ्यायची, आदेशाची, माल निघाल्याची की बिलाची, हे करारातच लिहावं लागतं. ते मोघम ठेवलंत, तर ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात माल पोहोचला तरी बिलावर 30 सप्टेंबर दिसेल आणि कुणाला काही बोलता येणार नाही. ई-वे बिलावरून आणि फाटकावरच्या नोंदवहीवरून माल खरा कधी निघाला आणि कधी आला हे समजतं, म्हणून ती वही सिक्युरिटीच्या केबिनबाहेर आणू नका.

एककाबाबतही ढिलाई हवी. चिकटपट्टीचा दर ठरला रोलला 38 रुपये; पुरवठादार बिल करतो पेटीचं, 72 रोलची पेटी 2,880 रुपये. म्हणजे रोल 40 ला पडला आणि पेटीमागे 144 रुपये जास्त गेले. एका पेटीत 72 रोल, एवढा एक आकडा मास्टरमध्ये असता तर संगणकाने हे सांगितलं असतं. तो नसला तर संगणक 38 आणि 2,880 यांची तुलना करून प्रत्येक बिलाला बोंब मारतो. मारू द्या. रोजच्या या खोट्या बोंबांनी कंटाळून अकाउंट्सवाले कारण न वाचता 'मंजूर' दाबायला शिकतात, आणि एकदा ते बोटांत बसलं की खोक्यांचं बिलही त्याच झटक्यात निघून जातं. खराब भरलेला मास्टर मास्टर नसण्यापेक्षा कितीतरी उपयोगी असतो तो असा. असाच कर धरून दर भरण्याचाही फायदा आहे. 22 सप्टेंबर 2025 ला जीएसटीचे दर बदलले, तेव्हा ज्यांनी करासह आकडे भरले होते त्यांची तपासणी एका रात्रीत निकामी झाली. मूळ दर आणि कर वेगळे ठेवणाऱ्यांच्या नशिबी हे सुख नव्हतं.

एवढं करूनही फरक सापडायला लागले, तर चालेल एवढ्या फरकाची मर्यादा 5 टक्के ठेवा. व्यवहार्य वाटते, सर्वांना पटते. 46.20 वर 2 रुपये 30 पैसे म्हणजे 4.98 टक्के. बसलं की नाही बरोबर? पैशांत पूर्णांक करताना होणारी चूक सोडली, तर सही झालेल्या दरात फरक कशासाठी असावा, हा प्रश्न असभ्य समजावा. टक्क्यांबरोबर ओळीमागे रुपयांचीही मर्यादा लावणारे लोक असतात, त्यांच्याशी जपून वागा. शे-दोनशे रुपयांची मर्यादा असती, तर 12,000 खोक्यांची ही ओळ 27,600 च्या फरकासह पहिल्याच महिन्यात अडकली असती.

मास्टरमध्ये दर कुणी भरायचा? अर्थात जो आदेश काढतो त्यानेच, आणि बिल अडकल्यावर. बिलात जो दर आहे तोच मास्टरमध्ये टाकला की अडकलेलं बिल पाच सेकंदांत सुटतं. भरणारा वेगळा, सही केलेला करार पाहून मंजूर करणारा वेगळा आणि प्रत्येक बदलाची तारीखवार नोंद, असली व्यवस्था फक्त अविश्वासू लोक करतात. त्यांना बदलांची यादी काढून ती अडकलेल्या बिलांशेजारी ठेवायचीही खोड असते. बिल अडकल्याच्या दिवशीच दर वाढलेला दिसला, की त्यांचा चहा गार होतो. अडकलेल्या बिलाचा निर्णयही खरेदीकडून अकाउंट्सकडे आणि अकाउंट्सकडून खरेदीकडे फिरत ठेवा. पुरवठादार सूक्ष्म किंवा लघु उद्योग असेल तर 45 दिवसांत पैसे द्यावे लागतात, हे चव्वेचाळिसाव्या दिवशी कुणाला तरी आठवतं आणि बिल पूर्ण रकमेचं सुटतं.

राहिली वसुली. समजा डिसेंबर 2025 मध्ये एखाद्या खवचट लेखापरीक्षकाने कपाट उघडून करार वाचलाच, तर घाबरू नका, उशीर पुरेसा झालेला आहे. पुरवठादाराने फरकाची क्रेडिट नोट काढून त्यावरचा जीएसटी कमी करून घ्यायचा, तर पुरवठ्याचं आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या 30 नोव्हेंबरपर्यंतच वेळ असतो. वार्षिक विवरणपत्र आधी भरलं, तर त्याहून कमी. 2024-25 मधली खोकी त्या मुदतीबाहेर गेली. आता करापुरती रक्कम कुणी सोसायची, यावर दोन्ही बाजू आठवडाभर ईमेल लिहितील आणि शेवटी पुरवठादार मोठ्या मनाने म्हणेल, 'साहेब, पुढच्या बिलांत ॲडजस्ट करू.' लगेच हो म्हणा, लेखी काही मागू नका. पुढच्या बिलातून खरंच किती वळतं झालं हे कशाशी ताडून बघायचं, असं अकाउंट्समधल्या नव्या मुलीने विचारलं, तर तिला मागचं बिल काढून द्या.