‘ई-२० चालतं का?’ या प्रश्नाला एक उत्तर नाही

वाचकाची प्रतिक्रिया: “तुम्ही ‘बहुतेक गाड्यांना ई-२० ने काही होत नाही’ असं लिहून मोकळे झालात. आमच्या २०१८ च्या पेट्रोल कारचं ॲव्हरेज १८ वरून १४ वर आलंय, ते काय हवेत गेलं? आता मी २०२१ ची सेकंडहँड घ्यायला निघालोय. डीलर म्हणतो ‘बिनधास्त घ्या’. घ्यावी की नवीच बघावी, आणि त्याला नेमकं विचारायचं काय, हे सांगा. गोलगोल नको.”

सुरुवात तुमच्या १८ आणि १४ पासून करू. एक लिटर शुद्ध पेट्रोलमध्ये साधारण ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते, इथेनॉलमध्ये २१. म्हणजे १० टक्के इथेनॉल मिसळलेल्या ई-१० च्या लिटरमध्ये जवळपास ३०.९ आणि २० टक्के मिसळलेल्या ई-२० मध्ये २९.८. फरक साडेतीन टक्क्यांच्या आसपास. १८ देणारी गाडी त्या हिशोबाने १७.३-१७.४ वर यायला हवी. तुलना अगदी बिनइथेनॉलच्या पेट्रोलशी केली तरी घट सात टक्क्यांच्या आत राहते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातही मूळ साध्या पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि ई-१० ला जुळवलेल्या चारचाकींसाठी ६ ते ७ टक्केच घट धरली होती. तुमची घट २२ टक्के आहे. एवढी एकट्या इथेनॉलची असूच शकत नाही. चिकटणारा ब्रेक, उघडाच अडकलेला थर्मोस्टॅट, मंदावलेला ऑक्सिजन सेन्सर, कमी हवेचे टायर, यातलं काहीतरी आधीपासून असणार. दोष इंधनावर टाकला की खरा बिघाड तसाच राहतो आणि वाढत जातो. एकाच पंपावर ऑटो-कटपर्यंत टाकी भरा, पुढच्या वेळी पुन्हा तिथेच तशीच भरा, ट्रिप मीटरचे किलोमीटर भरलेल्या लिटरने भागा. दोन-तीन टाक्यांनंतर जो आकडा येईल तो खरा.

आता ‘चालतं’ म्हणजे काय ते बघू. यात दोन वेगळे प्रश्न आहेत आणि डीलर त्यांचा एकच करून टाकतो. पहिला: पेट्रोल ज्या रबराला, प्लास्टिकला आणि धातूला लागतं, ते २० टक्के इथेनॉल सोसतं का? दुसरा: इंजिनचा ईसीयू, म्हणजे किती इंधन सोडायचं ते ठरवणारा कंप्युटर, त्या मिश्रणासाठी जुळवलेला आहे का? १ एप्रिल २०२३ पासूनच्या नव्या गाड्यांना पहिल्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असणं अपेक्षित आहे. इंजिन ई-२० साठी ट्यून करण्याचं वेळापत्रक त्या आराखड्यात त्यानंतरचं, एप्रिल २०२५ पासूनचं होतं. त्यामुळे मधल्या दोन वर्षांत बनलेली गाडी इंधन ‘सोसते’, पण ती त्यासाठी ट्यून केलेली असेलच असं नाही. ब्रोशरवर मात्र दोन्हींसाठी एकच शब्द येतो: कंपॅटिबल.

दुसऱ्या प्रश्नाला सगळे घाबरतात, खरं तर तिथेच भीती सगळ्यात कमी आहे. एक किलो ई-१० पूर्ण जाळायला साधारण १४.१ किलो हवा लागते, ई-२० ला साडेतेरा किलो. म्हणजे तेवढ्याच हवेत चार-साडेचार टक्के जास्त इंधन सोडावं लागतं. इंजेक्शनच्या गाडीत ऑक्सिजन सेन्सर धूर बघून ईसीयूला सांगतो आणि ईसीयू इंजेक्टर जरा जास्त वेळ उघडा ठेवतो. ही दुरुस्ती स्कॅनरवर `LTFT` या नावाने टक्क्यांत दिसते. २०२१ ची कार बीएस-६ आहे, तिच्यात हे सगळं असणारच. फक्त थंड इंजिन सुरू करताना आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर ईसीयू सेन्सरवर विसंबत नाही, म्हणून सकाळी किंचित लांब क्रँकिंग जाणवू शकतं.

म्हणून माझं सांगणं असं: गाडी बघायला जाताना ब्लूटूथवाला स्वस्त ओबीडी स्कॅनर घेऊन जा. इंजिन पूर्ण गरम झाल्यावर आयडलला आणि मग २,५०० आरपीएमला `LTFT` वाचा. दोन्हीकडे शून्य ते +६ च्या आत असेल तर ईसीयूने ई-२० पचवलंय असं धरा. आयडलला +१४ आणि आरपीएम वाढवल्यावर +४ दिसलं, तर इंटेकमध्ये कुठेतरी फुकटची हवा शिरतेय. उलट आयडलला ठीक आणि लोड आल्यावर +१२, +१५ कडे चढत गेलं, तर इंधनच कमी पोचतंय: फिल्टर तुंबलाय, पंप थकलाय किंवा इंजेक्टर घाण झालेत. इथेनॉल जुन्या टाकीतला गाळ आणि चिकटा सोडवतं आणि तो फिल्टरमध्ये जाऊन बसतो, म्हणून दुसरा प्रकार जुन्या गाड्यांत जास्त दिसतो. दुरुस्तीची मर्यादा बहुतेक गाड्यांत २०-२५ टक्क्यांच्या आसपास असते. ती ओलांडली की चेक इंजिनचा दिवा लागतो आणि `P0171` कोड येतो. आधीच +१४ वर असलेल्या गाडीला ती मर्यादा काही दूर नाही.

यात एक चलाखी होते ती सांगून ठेवतो. बॅटरीचं टर्मिनल काढलं किंवा कोड पुसले की हा आकडा बहुतेक गाड्यांत शून्यावर येतो. स्कॅनरवर अगदी ०.० दिसलं तर खूश होऊ नका. अर्धा-पाऊण तास शहरात आणि मोकळ्या रस्त्यावर चालवून पुन्हा बघा. डीलर एवढी लांब टेस्ट ड्राइव्ह देत नसेल तर तेही एक उत्तरच आहे.

पहिला प्रश्न, म्हणजे रबराचा, स्कॅनरवर दिसत नाही. साधं नायट्राइल रबर जास्त इथेनॉलमध्ये फुगतं, मऊ पडतं आणि सुकलं की तडकतं. फ्लुओरोइलास्टोमरचं रबर टिकून राहतं. हे रातोरात होत नाही. पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ च्या खुलाशात जुन्या काही गाड्यांत २० ते ३० हजार किलोमीटरनंतर काही रबरी भाग आणि गॅस्केट बदलावे लागू शकतात असं म्हटलं होतं, आणि हे काम स्वस्त, नेहमीच्या सर्व्हिसमध्ये होणारं आहे असंही. मला हे मान्य आहे, पण एका अटीवर: ते कोणीतरी खरंच बघितलं पाहिजे. बॉनेट उघडून इंजेक्टर रेलकडे येणारा रबरी पाइप, जिथे तो दिसतो तिथे, इंजिन थंड असताना दोन बोटांनी दाबा. बोटाला काळं लागलं, पाइप चिकट वाटला किंवा क्लिपजवळ बारीक भेगा दिसल्या, तर तो पाइप संपलाय. रात्रभर बंद ठेवलेल्या गाडीच्या बॉनेटखाली पेट्रोलचा वास येत असेल तर पुढचं काही बघायची गरज नाही.

आता विचारायचं काय. डीलरला नव्हे, कंपनीच्या कस्टमर केअरला ईमेल करा आणि चासी नंबर द्या. विचारा की या चासी नंबरच्या गाडीतले फ्युएल होज, पंप, इंजेक्टर आणि सील ई-२० साठी मटेरियल-कंपॅटिबल आहेत का, ईसीयूचं कॅलिब्रेशन ई-१० चं आहे की ई-२० चं, आणि भाग बदलायचे असतील तर त्यांचे पार्ट नंबर काय. “सर, सगळ्या गाड्या चालतात” असं फोनवर सांगणारा माणूस पार्ट नंबर लिहून देताना मात्र काळजीने लिहितो. ओनर्स मॅन्युअलमध्ये इंधनाचं पान उघडा. तिथे इथेनॉल १० टक्क्यांपर्यंत असं छापलेलं असेल, तर कंपनीच्या ईमेलला दुप्पट वजन आहे. इंधनाच्या झाकणाच्या आत स्टिकर आहे का तेही बघा, गाडीला किती मिश्रण चालतं ते दिसेल असं लावण्याचा नियम आहे.

आणि तारीख बघताना पासिंगची नाही, उत्पादनाची बघा. आरसीवर उत्पादनाचा महिना आणि वर्ष छापलेलं असतं. मे २०२३ चं पासिंग असलेली गाडी फेब्रुवारीत बनलेली असू शकते, आणि ती ‘२०२३ ची’ म्हणूनच विकली जाते. तुमच्या २०२१ ला हा घोळ नाही, पण नंतर जरा नवी बघायला लागलात तर हाच पहिला सापळा आहे.

नवी गाडी घेणार असाल तर प्रश्न एकच वाढतो: ई-२० भरल्यामुळे फ्युएल सिस्टिमचा बिघाड झाला तर वॉरंटी लागू आहे का, हे लेखी. सेकंडहँडला बहुधा कंपनीची वॉरंटी उरलेली नसते, म्हणून तो पैसा किमतीत धरा. होज, फिल्टर आणि इंजेक्टर क्लीनिंगचं कोटेशन सर्व्हिस सेंटरकडून आणा आणि तेवढे कमी करून मागा.

तुमच्या २०२१ बद्दल माझं मत: रोज चालणार असेल, आकडे वर म्हटल्यासारखे असतील आणि कंपनीचं उत्तर हातात असेल, तर घ्या. फक्त ई-२० साठी नवीवर जास्तीचे लाखो रुपये घालणं मला पटत नाही. पण गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर माझं उत्तर बदलतं. इथेनॉल ओलावा ओढतं. ई-२० थोडं पाणी विरघळवून धरू शकतं, पण मर्यादा ओलांडली की पाणी आणि इथेनॉल मिळून टाकीच्या तळाशी वेगळा थर होतो, आणि इंधनाचा पंप तळाशीच असतो. पावसाळ्यात उभ्या राहणाऱ्या गाडीची टाकी अर्धी ठेवू नका, भरून ठेवा. रिकाम्या जागेतली दमट हवाच पाणी आणते. शंका आली तर थोडं पेट्रोल मेकॅनिककडून पारदर्शक काचेच्या बाटलीत काढून घ्या आणि तासभर हलवू नका. खाली वेगळी रेघ दिसली तर टाकी रिकामी करून घ्या, वरून ताजं पेट्रोल ओतून ते निस्तरत नाही.

तुम्ही विचारलं नाहीत, पण घरात २०२० च्या आधीची कार्बोरेटरची स्कूटर किंवा बाईक असेल तर वरचं `LTFT` वगैरे विसरा. तिथे दुरुस्ती करणारा सेन्सरच नाही, इंजिन सरळ लीन, म्हणजे हवेच्या मानाने कमी इंधनावर चालतं: थंडीत बंद पडते, थ्रॉटल सोडल्यावर फटफट आवाज करते, जास्त तापते. मेकॅनिकला फ्लोट बाऊल उघडायला सांगा. तळाशी पांढरी भुकटी दिसली तर जस्ताचं कास्टिंग खराब व्हायला लागलंय. बाऊल साफ करणं, नीडलचं टोक आणि पाइप बदलणं, आणि गरज असेल तर जेट एक नंबर मोठा बसवणं, एवढं काम चांगला मेकॅनिक त्याच दिवशी करून देतो.