आठवत नाही म्हणजे नोंदलेच गेले नाही?

“तीन वर्षांखालच्या मुलांच्या मेंदूत आठवणी साठवण्याची सोयच नसते. भाषा आली की मगच स्मरणशक्ती सुरू होते. म्हणून त्या वयातले दुखणे, टोचणे, आईपासून दूर राहणे याचा मुलावर काहीही परिणाम होत नाही. मोठेपणी कोणालाच काही आठवत नाही, हाच पुरावा!”

हा संदेश माझ्या धाकट्या बहिणीने मला पाठवला. तिचे बाळ नऊ महिन्यांचे आहे आणि तिला संदेश वाचून चक्क हायसे वाटले होते, म्हणून हे उत्तर थोडे तिखट झाले तर नाइलाज आहे.

पहिल्या विधानाचा निकाल अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ कॅरोलिन रोव्ही-कॉलियर यांच्या प्रयोगांनी केव्हाच लावला आहे. तीन महिन्यांच्या बाळाच्या पाळण्यावर चिमणाळे टांगायचे आणि बाळ एरवी किती वेळा पाय झाडते हे आधी मोजून घ्यायचे. मग एक फीत घोट्यापासून चिमणाळ्यापर्यंत बांधायची. पाय झाडला की चिमणाळे हलते, हे बाळाला काही मिनिटांत उमगते आणि ते जोराने पाय झाडू लागते. काही दिवसांनी तेच चिमणाळे पुन्हा दाखवायचे, मात्र या वेळी फीत त्याला जोडायची नाही. बाळ मूळच्या प्रमाणापेक्षा जास्त पाय झाडू लागले, तर त्याला आठवते आहे. दोन महिन्यांच्या बाळाला हे एक-दोन दिवस, तीन महिन्यांच्या बाळाला साधारण आठवडाभर आणि सहा महिन्यांच्या बाळाला सुमारे दोन आठवडे आठवते. बोलता एकालाही येत नाही.

याच प्रयोगमालिकेतील पुढचा भाग मला अधिक मोलाचा वाटतो. तीन महिन्यांचे बाळ दोन आठवड्यांनी सारे विसरलेले असते. पण चाचणीच्या आदल्या दिवशी त्याला ते चिमणाळे थोडा वेळ नुसते हलताना दाखवले, तर दुसऱ्या दिवशी ते पुन्हा जोमाने पाय झाडते. जी नोंद झालीच नव्हती, ती अशी जागी कशी होईल?

सर्वांत घातक विधान अर्थातच तिसरे आहे, कारण त्यावर विसंबून माणसे प्रत्यक्ष वागतात. टोरांटोतील संशोधकांचा १९९७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेला अभ्यास पाहावा. त्यांनी मुलग्यांचे तीन गट तपासले: जन्मानंतर सुंता न झालेले, बधिर करणारे मलम लावून सुंता केलेले आणि मलमाच्या नावाखाली निष्क्रिय लेप लावून सुंता केलेले. ही मुले चार ते सहा महिन्यांची असताना नेहमीच्या लसीकरणाची सुई टोचली गेली, तेव्हा तिसऱ्या गटाची वेदनेची प्रतिक्रिया सर्वांत तीव्र होती, पहिल्याची सर्वांत सौम्य आणि मलमवाल्यांची त्यांच्या मधली. त्या मुलांपैकी कोणालाही मोठेपणी ती सुंता आठवणार नाही, हे मान्य. पण पुढच्या सुईला शरीराने काय उत्तर द्यायचे, हे मात्र आधीच्या वेदनेने बदलून ठेवले होते. ‘प्रसंग सांगता येणे’ आणि ‘प्रसंगाचा परिणाम उरणे’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. संदेशकर्त्याने त्या सरसकट एक करून टाकल्या आहेत.

भाषेबद्दलच्या विधानात अर्धे सत्य आहे, ते नाखुशीने का होईना मान्य करतो. न्यूझीलंडमधील गॅब्रिएल सिमकॉक आणि हार्लीन हेन यांनी दोन-तीन वर्षांच्या मुलांना वस्तू ‘लहान करणारे’ एक गमतीचे यंत्र दाखवले आणि सहा महिने किंवा वर्षभराने त्याबद्दल विचारले. मधल्या काळात मुलांची शब्दसंपत्ती बरीच वाढली होती, तरीही प्रसंग घडला तेव्हा जे शब्द त्यांच्यापाशी नव्हते, त्यांपैकी एकही त्यांनी वर्णनात वापरला नाही. म्हणजे जुनी आठवण नव्या भाषेत आपोआप उतरत नाही. परंतु भाषा हेच मूळ कारण असते, तर उंदीर बालपण विसरले नसते; आणि तेही विसरतात.

मग विसरतो का? पटणारे एक उत्तर २०१४ साली कॅनडातील मेंदूसंशोधक शीना जोसेलिन आणि पॉल फ्रँकलंड यांच्या गटाने मांडले. आठवणी बांधणाऱ्या हिप्पोकॅम्पस या भागात शैशवात नव्या चेतापेशी झपाट्याने तयार होतात, आणि त्या जुन्या जोडण्यांमध्ये घुसून त्यांची रचना बदलत राहतात. उंदराच्या पिलांत ही निर्मिती कमी केली, तेव्हा त्यांच्या आठवणी जास्त टिकल्या. प्रौढ उंदरांत ती वाढवली, तेव्हा ते आधी शिकलेले विसरू लागले. गिनीपिगच्या बाबतीत ही वाढ बरीचशी जन्माआधीच उरकते, आणि त्यांची पिले उंदरांच्या पिलांसारखी विसरत नाहीत. हे सारे प्राण्यांवरचे काम आहे. माणसात याशिवाय भाषा, ‘मी’ची जाणीव आणि घरातल्या माणसांशी होणाऱ्या गप्पा यांचाही वाटा आहे.

आपल्याला पाळण्यातले दिवस स्पष्ट आठवतात असे सांगणाऱ्यांचे दाखले या संदेशाविरुद्ध पुरावा म्हणून मी मुद्दामच दिलेले नाहीत. स्विस बालमानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांना आपल्याला बाबागाडीतून पळवण्याचा प्रयत्न झाल्याचे वर्षानुवर्षे लख्ख आठवत होते. ते पंधरा वर्षांचे असताना त्यांना सांभाळणाऱ्या दाईने कबूल केले की ती हकीकत तिने रचली होती.