आकडे सगळे तेच आहेत, तरी मेसेज बदललाय

फिरत असलेला फॉरवर्ड: "मेसेज कच्चा लिहा आणि पॉलिश करून घ्या. शब्द बदलतात, आशय बदलत नाही. आकडे तर जसेच्या तसे येतात, तेवढे मॅच करा, एकदा वाचा आणि बिनधास्त पाठवा. शेवटी व्हॉट्सॲपचा मेसेज आहे, ॲग्रीमेंट थोडंच आहे?"

आधी आकड्यांचंच बघू. वॉटरप्रूफिंग करणाऱ्या एखाद्याने कस्टमरला असं लिहिलंय समजा:

"सर टेरेसचं ४८ हजारात होईल, जीएसटी वेगळा. २० हजार ॲडव्हान्स द्या मग माल आणतो. १२ मे नंतर सुरू करतो, पाऊस नसला तर ५-६ दिवसाचं काम आहे, २५ पर्यंत संपवायचा प्रयत्न करतो. ३ वर्षात लीकेज आलं तर येऊन बघून देऊ, पण पॅरापेटच्या भेगा यात धरल्या नाहीत."

आता हे कोणाकडून तरी पॉलिश करून आलं, मग तो फोनमधला रीराइट असो नाहीतर ऑफिसातला भाषा चांगली असलेला मित्र:

"नमस्कार सर, आपल्या टेरेसचे वॉटरप्रूफिंग एकूण ४८,००० रुपयांत करून देऊ. २०,००० रुपये ॲडव्हान्स मिळताच १२ मेपासून काम सुरू करून ५-६ दिवसांत, २५ मेपूर्वी पूर्ण करू. कामावर ३ वर्षांची संपूर्ण वॉरंटी राहील."

करा मॅच. ४८, २०, १२, ५-६, २५, ३, सगळे हजर. पण "जीएसटी वेगळा" गेलं आणि त्याच्या जागी "एकूण" आलं. १८ टक्क्यांनी धरला तर ८,६४० रुपये होतात, म्हणजे कस्टमरने ५६,६४० द्यायचे होते, आता तो ४८ च देणार आणि त्याचं काही चुकत पण नाही, मेसेजमध्ये तेच लिहिलंय. "१२ नंतर" चं "१२ पासून" झालं, म्हणजे १२ ला सकाळी माणसं दारात नाही दिसली की फोन येणार. "२५ पर्यंत" चं "२५ पूर्वी" झालं, त्यात २५ तारीखच गेली. आकडा हलत नाही हो, त्याला चिकटलेला शब्द हलतो, आणि पैसे-तारखा त्या शब्दावर ठरतात.

आता आशय. खरा घोळ इथे आहे. "प्रयत्न करतो" वाचलं की सुधारणाऱ्याला ते कच्चं, कॉन्फिडन्स नसलेलं वाटतं, मग तो "पूर्ण करू" करतो. "पाऊस नसला तर" लांबण लावतंय म्हणून कापतो, आणि मे महिन्यात टेरेसच्या कामाला तीच तर मेन अट आहे, वळवाचा पाऊस काय विचारून येतो का. "येऊन बघून देऊ" चं "संपूर्ण वॉरंटी" झालं, हे तर मूळ माणसाने म्हटलंच नव्हतं. पॅरापेटचं वाक्य "पण" ने सुरू होतं, निगेटिव्ह वाटतं, गायब. आता भेगेतून पाणी झिरपलं की तेही ह्याच्याच गळ्यात. यात कोणाचा वाईट हेतू नसतो, गुळगुळीत करायचं म्हटलं की आधी अटी आणि "बहुतेक", "शक्यतो", "जमलं तर" हेच टोचतात म्हणून तेच जातात.

एकदा वाचून हे सापडत नाही. सुधारलेलं वाक्य सलग वाहतं आणि गाळलेली गोष्ट तिथे नसतेच, मग ती दिसणार कशी? म्हणून सुरुवात मूळ मेसेजपासून करायची. त्यात प्रत्येक आकडा त्याच्या शेजारच्या शब्दासकट अधोरेखित करा (वेगळा, धरून, पर्यंत, नंतर), मग प्रत्येक "तर", "पण", "सोडून", मग जिथे आपण काही करायचं कबूल केलंय ती क्रियापदं. एकेक घेऊन नव्या मेसेजमध्ये शोधा आणि टिक करा. मग उलट बाजूने, नव्या मेसेजमधला कुठला शब्द जुन्यात नाहीच ते बघा. "एकूण", "संपूर्ण", "मिळताच", "मोफत" असले पाहुणे इथेच पकडले जातात. आणि "पावणेदोन लाख" सारखी रक्कम असली की सुधारून आलेल्या अंकात स्वतः शून्यं मोजा, १,७५,००० च आहे ना ते.

एक मात्र खरं, मूळ मेसेजच मोघम असेल तर ही तपासणी काही करू शकत नाही. वरच्यात "२५ पर्यंत" ला महिना नव्हता, सुधारणाऱ्याने मे घातला, इथे तो बरोबर निघाला. अशी भर दिसली की ती आपल्या मनातलीच आहे का ते आपणच ठरवायचं.

राहिलं "ॲग्रीमेंट थोडंच आहे". भारतात इन्फर्मेशन टेक्नॉलॉजी ॲक्टचं कलम १०ए आहे, करार इलेक्ट्रॉनिक मार्गाने झाला एवढ्याच कारणाने तो अमान्य ठरत नाही. दर, तारीख, काम लिहिलेल्या मेसेजवर समोरच्याने "ओके, करा सुरू" म्हटलं आणि ॲडव्हान्स टाकला, की नंतर "ते मी नाही, पॉलिश करणाऱ्याने लिहिलं" हे कोण ऐकणार, पाठवलं तुमच्या नंबरवरून.

आणि नीट भाषेला विरोध नाहीच, अटी ठेवून पण ती होते: "नमस्कार सर, टेरेसच्या वॉटरप्रूफिंगचा खर्च ४८,००० रुपये अधिक जीएसटी. २०,००० ॲडव्हान्स मिळाल्यावर माल आणू. काम १२ मेनंतर सुरू करू. पाऊस नसल्यास ५-६ दिवस लागतील, २५ मेपर्यंत संपवण्याचा प्रयत्न राहील. ३ वर्षांत लीकेज आल्यास येऊन बघून देऊ. पॅरापेटच्या भेगांचे काम यात धरलेले नाही."