गोल चेहरा म्हणजे नुसती सूज नव्हे

«स्टिरॉइडच्या गोळ्यांनी चेहरा गोल झाला, पोट सुटलं तर ती पाण्याची सूज असते. गोळ्या त्याच दिवशी बंद करा, आठ दिवसांत अंग उतरतं. सांधेदुखीच्या जडीबुटीच्या पुडीने अंग भरलं तर मात्र ती तब्येत सुधारल्याची खूण.»

असा सल्ला तुम्हीही ऐकला असेल. स्टिरॉइडमुळे अंगात मीठ अडून थोडं पाणी साचतं, हे खरं. पण गालांवर, मानेच्या मागे आणि पोटावर जमते ती मुख्यतः चरबी. त्याच वेळी हातापायांचे स्नायू झिजतात. म्हणून वजनकाट्यापेक्षा शरीराचा आकार पाहा: पोट मोठं, पण दंड-मांड्या बारीक, जमिनीवरून उठताना हाताचा आधार लागतो, पोटावर रुंद जांभळट रेघा येतात, जरा लागलं तरी काळंनिळं होतं. हीच कुशिंगची, म्हणजे अंगात स्टिरॉइड जास्त झाल्याची, लक्षणं.

एका दिवसात गोळ्या बंद करण्याचा सल्ला तर जिवावर बेतू शकतो. मूत्रपिंडांवर बसलेल्या आपल्या अधिवृक्क ग्रंथी रोज कॉर्टिसोल हे शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड बनवतात, साधारण ५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन या स्टिरॉइड गोळीच्या तोडीचं. त्याहून जास्त औषध बाहेरून तीन-चार आठवडे मिळत राहिलं की त्यांचं काम मंदावतं. गोळी अचानक थांबली तर शरीराला दोन्हीकडून काहीच मिळत नाही: उलट्या, गळून जाणं, रक्तदाब आणि साखर घसरणं. अशा वेळी हायड्रोकॉर्टिसोन या स्टिरॉइडचं इंजेक्शन तातडीनं लागतं. म्हणून डॉक्टर डोस पायऱ्यापायऱ्यांनी उतरवतात, आणि ५ मिलिग्रॅमच्या आसपास आल्यावर वेग आणखी कमी करतात. चेहरा उतरायला काही महिने जातात. रेघा फिकट होतात, पण पुसल्या जात नाहीत.

पुडीचा मुद्दा मला सगळ्यात जास्त खटकतो, कारण तिथे माणसाला आपण स्टिरॉइड घेतोय हेच ठाऊक नसतं. समजा, गुडघेदुखीसाठी कुणी सहा महिने पुडी घेतेय आणि तिच्यात डेक्सामेथासोन या स्टिरॉइडच्या अर्ध्या मिलिग्रॅमच्या तीन गोळ्या कुटून घातल्या आहेत. दीड मिलिग्रॅम म्हणजे चिमूटही नाही, पण ते सुमारे १० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनइतकं भरतं. दुखणं दोन दिवसांत थांबतं, भूक वाढते, गाल भरतात, आणि घरचे म्हणतात, बाईला औषध मानवलं.

सकाळी आठच्या सुमाराला कॉर्टिसोल तपासलं की बिंग फुटतं. शरीर कॉर्टिसोल वाढल्यासारखं दिसतं आणि अहवालात मात्र ते अगदी कमी येतं. डेक्सामेथासोन या तपासणीत मोजलं जात नाही आणि ग्रंथी तर दबलेली असते, म्हणून हा विरोधाभास. ग्रंथीतच गाठ असती तर आकडा सहसा इतका खाली गेला नसता.

पुडी घेत असाल तर ती परस्पर थांबवू नका आणि उरलेली फेकूही नका. ती घेऊन फिजिशियन किंवा ग्रंथींचे तज्ज्ञ असलेल्या एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे जा. दम्यासाठी किंवा ल्यूपससाठी डॉक्टरांनीच गोळी दिली असेल, तर डोस कमी करता येईल का, हे त्यांनाच विचारा. ताप आला किंवा शस्त्रक्रिया ठरली तर गोळी चालू असल्याचं आधी सांगा, कारण त्या दिवसांत डोस तात्पुरता वाढवावा लागू शकतो.